एका ठिपक्यामागे २८४

छपाईवाल्याकडे फोटो घेऊन गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तीनशे डीपीआयमध्ये द्या." या एका वाक्याने आपल्याकडच्या जितक्या चेहऱ्यांची वाट लावली आहे, तितकी कुठल्याही स्वस्त कॅमेऱ्याने लावली नसेल. वाक्य तसं चुकीचं नाही. लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन, डोळ्यांपासून फूटभर अंतरावर पाहायचा असेल तर इंचाला साधारण तीनशे ठिपके लागतातच. त्याहून बारीक भेद तेवढ्या अंतरावरून डोळ्याला कळत नाही, आणि तिथूनच हा आकडा आला आहे. पण तोच आकडा भिंतीवरच्या तीन फुटी फोटोलाही लावला जातो, आणि फोटोत तेवढे ठिपके नसले तर ते कुठूनतरी आणले जातात.

कुठून, हाच या लेखाचा विषय.

मी पुस्तकांसाठी आणि प्रदर्शनांसाठी फोटो छपाईला तयार करून देते, आणि अधूनमधून फोटोंविषयी लिहिते. मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी, एका हौशी नाट्यसंस्थेच्या वाटचालीचं प्रदर्शन पाहायला गेले होते. तिकिटं, हस्तलिखितं, मखमलीचा फाटका पडदा असं बरंच काही होतं. पण गर्दी होती ती दारासमोरच्या एका प्रिंटपाशी. २००६ सालच्या एका प्रयोगानंतर शाळेच्या पटांगणात काढलेला गटाचा फोटो. चौदा माणसं, दोन रांगा, मागे शाळेची भिंत आणि तिच्यावरचा नावाचा फलक. छत्तीस इंच रुंद, सत्तावीस इंच उंच, चकचकीत कागदावर छापलेला. प्रत्येकाच्या डोळ्यांत चमक, भुवईचा केस न् केस वेगळा. लोक जवळ जाऊन बोटं ठेवत होते : "हा बघ, हा बघ."

हा फोटो २००६ चा आहे आणि फोनवर काढलेला आहे, हे खालच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. तिथेच मला खटकलं. त्या काळच्या फोनमधून असा फोटो निघत नाही. संस्थेतल्या एका उत्साही कार्यकर्त्याला मी मूळ फाइल मागितली. त्याने ती आनंदाने पाठवली, वर हेही सांगितलं की "आधी एकदम ब्लर होता, ॲपमधून साफ केला."

मूळ फाइल ६४० बाय ४८० पिक्सेलची होती. म्हणजे सगळे मिळून ३,०७,२०० ठिपके. छत्तीस बाय सत्तावीस इंचांचा प्रिंट तीनशे डीपीआयने छापायचा तर १०,८०० बाय ८,१०० पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ कोटींच्या आसपास. भागाकार केला तर मूळच्या एका ठिपक्याच्या जागी प्रिंटवर २८५ ठिपके बसतात. एक कॅमेऱ्याने टिपलेला आणि उरलेले २८४ नंतर आलेले.

पण "म्हणजे साडेनव्याण्णव टक्के फोटो खोटा" असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. नंतर आलेला प्रत्येक ठिपका थाप नसतो. जुन्या पद्धतीने फोटो मोठा केला, म्हणजे फोटोशॉपमध्ये किंवा कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये आकार वाढवला, तरी २८४ ठिपके नव्यानेच येतात. पण ते शेजारच्या ठिपक्यांवरून ठरतात. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असेल तर मध्ये करड्याच्या पायऱ्या टाकल्या जातात. त्यातून नवी माहिती एक कणही मिळत नाही आणि मिळाल्याचा आवही आणला जात नाही. चित्र मऊ, धुरकट दिसतं. खरं तर कॅमेराही हेच करतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरून घेतो. तेव्हा अंदाज हा शब्द ऐकून दचकायचं कारण नाही. विचारायचं ते इतकंच की अंदाज कोणाकडे पाहून केला. याच फोटोतल्या शेजारच्या ठिपक्याकडे पाहून, की दुसऱ्याच कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून?

त्या प्रिंटवरचा एक चेहरा घेऊ. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे उभे असलेले गृहस्थ संस्थेची प्रकाशयोजना सांभाळायचे. आता ते नाहीत. मूळ फाइलमध्ये त्यांचा चेहरा २८ ठिपके रुंद आहे. माणसाचा चेहरा साधारण चौदा सेंटीमीटर रुंद धरला, तर एक ठिपका म्हणजे चेहऱ्याचा पाच मिलिमीटरचा चौकोन. त्या चौकोनात जे काही होतं त्या सगळ्याचा मिळून एक रंग कॅमेऱ्याने लिहून ठेवला, बाकी सोडून दिलं. डोळ्याच्या वाट्याला ठिपके आले पाच रुंद आणि तीन उंच, म्हणजे पंधरा. पापणीचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. पाच मिलिमीटरच्या चौकोनात तो वेगळा सापडणं शक्यच नाही. चष्म्याच्या काडीचीही तीच गत.

भरीला फाइल जेपेग होती. जेपेगमध्ये फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातलं बारीक काम गाळलं जातं, आणि रंगाची नोंद तर बहुतेक वेळा निम्म्याच बारकाईने ठेवली जाते. २८ ठिपक्यांचा चेहरा म्हणजे आडवे साडेतीन चौकोन. या चौकोनांच्या कडा मोठ्या करताना उठून दिसतात. प्रिंटवर पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या साडीवर मला नाजूक बुट्टे दिसले होते. मूळ फाइलमध्ये पाहिलं तर बुट्ट्यांमधलं अंतर बरोबर आठ ठिपक्यांचं. साडी साधी होती, बुट्टे जेपेगचे होते. ॲपने फाइलमधला कचरा वीणकाम समजून विणला होता.

तरीही प्रिंटवरच्या त्या गृहस्थांना पापण्या आहेत. एकेक मोजता येतील अशा. बुबुळात खिडकीच्या प्रकाशाचा ठिपका आहे, फोटो उघड्या पटांगणात काढलेला असूनही. गाल तुकतुकीत आहेत. मी त्या प्रिंटपाशी उभी असताना त्यांच्या थोरल्या बहीणबाई शेजारी होत्या. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "दादा छान दिसतोय. पण वण कुठे गेले त्याचे?" लहानपणी देवी येऊन गेल्याचे वण त्यांच्या दोन्ही गालांवर होते. देवीचा एक खड्डा दोन-तीन मिलिमीटरचा. आपल्या हिशेबात तो अर्ध्या ठिपक्यात मावतो. म्हणजे मूळ फोटोतही वण वेगवेगळे उमटलेले नव्हतेच, फक्त त्या गालांचा रंग किंचित गढूळ, असमान आला होता. मूळ फोटो त्या वणांविषयी गप्प होता. प्रिंट मात्र ठामपणे सांगतो की ते नव्हतेच. मला आक्षेप आहे तो इथे.

हे होतं कसं, ते समजायला छोटं गणित पुरे. समजा मोठ्या फोटोतले चार ठिपके लहान करून एक केला, आणि त्याचा उजेड आला शंभर. आता उलटं जायचं आहे. चार ठिपके कोणते होते? चारही शंभर असतील. वरचे दोन दोनशे आणि खालचे दोन शून्य असतील, म्हणजे आडवी रेघ. डावे दोन दोनशे आणि उजवे शून्य असतील, म्हणजे उभी रेघ. सगळ्यांची सरासरी शंभरच. लहान ठिपक्याकडून या उत्तरांत निवड करता येत नाही. चार ठिपक्यांची ही कथा, मग २८५ ची काय असेल? एका लहान फोटोमागे मोठे फोटो अगणित असतात, आणि त्यातला कोणताही लहान केला तर तोच लहान फोटो मिळतो.

आता अशी कल्पना करा की नाकाखाली दोन ठिपके जरा काळपट आहेत. ती मिशी असेल किंवा नाकाची सावली. शक्यता निम्मी-निम्मी. ज्या प्रोग्रामला "चूक कमीत कमी कर" असं शिकवलेलं असतं तो दोन्ही शक्यतांच्या मध्ये जाऊन थांबतो आणि फिकट करडा पट्टा काढतो. आपल्याला तो धुरकट वाटतो, कारण खरा माणूस असा नसतो. त्याला एकतर मिशी असते नाहीतर नसते. म्हणून २०१६-१७ च्या सुमाराला संशोधकांनी वेगळी शिकवण दिली : उत्तर खऱ्या फोटोसारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी प्रोग्रामसमोर दुसरा प्रोग्राम परीक्षक म्हणून बसवला. हा फोटो खरा वाटतो की बनवलेला, एवढंच त्याने सांगायचं. धुरकट पट्टा आला की परीक्षक नापास करणार. मग पहिला प्रोग्राम काय शिकतो? मध्ये थांबायचं नाही, एक बाजू घ्यायची. मिशी तर मिशी, पूर्ण, केसांसकट. निम्म्या वेळा ती चुकीची असेल, पण दरवेळी खरी दिसेल. योखाई ब्लाऊ आणि तोमर मिखाएली या दोघांनी २०१८ साली गणिताने दाखवून दिलं की ही ओढाताण टाळता येत नाही. एका मर्यादेपलीकडे फोटो जितका खरा दिसायला लावाल, तितका तो मूळ दृश्यापासून दूर जाणारच. ॲप अजून चांगलं झालं तरी ही मर्यादा ओलांडता येणार नाही, कारण ती ॲपची नाही, हरवलेल्या माहितीची आहे.

धुरकटपणाला आपण दोष म्हणतो. मला तो फोटोने दिलेली कबुली वाटतो : इथपर्यंत मला माहीत आहे, पुढचं नाही. ॲप ही कबुली पुसून टाकतं.

काही जण इथे एक युक्तिवाद करतात आणि तो वरवर बिनतोड आहे. मोठा केलेला फोटो परत ६४० बाय ४८० ला आणा, मूळ फाइलवर ठेवा. दोन्ही जवळपास जुळले, तर ॲपने काही बदललं नाही असं सिद्ध झालं ना? मी त्या प्रिंटच्या फाइलवर हे करून पाहिलं. बरंचसं जुळलं. पण वरच्या चार ठिपक्यांच्या गणिताने या कसोटीचं काय होतं ते आठवा. शंभर-शंभर असो की दोनशे-शून्य, लहान केल्यावर सगळेच जुळतात. फोटो जुळला नाही तर ॲपने फसवलं हे नक्की कळतं. जुळला तर काहीच कळत नाही.

या कसोटीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०२० चं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी पल्स नावाची पद्धत मांडली. सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या चेहऱ्यावरून १,०२४ बाय १,०२४ चा चेहरा. म्हणजे एका ठिपक्यामागे चार हजारांवर. तिची युक्तीच अशी होती की चेहरे बनवणाऱ्या यंत्राकडे असा चेहरा शोधायचा, जो लहान केला तर हातातल्या फोटोशी जुळेल. ट्विटरवर कोणीतरी बराक ओबामांचा बारीक केलेला फोटो तिला दिला. तो बारीक असूनही कोणाचा आहे हे कुणीही ओळखलं असतं. पल्सने परत दिला एक गोरा माणूस. स्वच्छ, रेखीव आणि सर्वस्वी अनोळखी. लोक हसले, चिडले, आणि यंत्राला शिकवताना कोणाचे चेहरे दाखवले यावर मोठा वाद झाला. तो वाद योग्यच होता. यंत्र शिकलं होतं एफएफएचक्यू या सत्तर हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर, आणि ते सगळे फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेले. फ्लिकरवर फोटो कोण टाकतं, यावर त्या यंत्राच्या दृष्टीने माणूस कसा दिसतो हे ठरलं. पण मला त्याहून लक्षात राहते ती दुसरी गोष्ट : तो गोरा माणूस शोधला गेला होता तो लहान केल्यावर जुळण्याच्या कसोटीवरच. पल्स करणाऱ्यांनी आपलं काम ओळख पटवण्यासाठी नाही असं सांगितलेलं होतं. आपल्या फोनवरची ॲपं असं काही सांगत नाहीत.

आता लोकांच्या हातात असतात ती साधनं पल्सपेक्षा कितीतरी पुढची आहेत, पण चेहरा सुधारणाऱ्या दोन प्रसिद्ध आणि खुल्या प्रोग्रामांनी, जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मरने, चेहरे पाहिले ते त्याच सत्तर हजारांच्या संग्रहातले. कोडफॉर्मरची रचना मला विशेष बोलकी वाटते. त्याच्याकडे चेहऱ्यांच्या लहान लहान तुकड्यांचा एक कोश आहे, १,०२४ नोंदींचा. खराब चेहरा आला की तो प्रत्येक जागेसाठी कोशातली सगळ्यात शोभेलशी नोंद उचलतो आणि त्यांतून चेहरा जुळवतो. देवीच्या वणांसाठी त्यात नोंद असेल असं मला वाटत नाही. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याने एक खुंटी वापरणाऱ्याच्या हातात दिली आहे.

```
python inference_codeformer.py -w 0.7 --input_path photo.jpg
```

यातला `-w` शून्यापासून एकपर्यंत जातो. शून्याकडे नेला तर चेहरा कोशाचं ऐकतो आणि देखणा होतो, एककडे नेला तर हातातल्या फोटोचं ऐकतो आणि डागाळ राहतो. मी ते गटाचे चौदा चेहरे दोन्ही टोकांना चालवून पाहिले. शून्यापाशी ते एकमेकांचे चुलतभाऊ वाटू लागतात. फोनवरच्या बहुतेक ॲपांत ही खुंटी दिसतच नाही. एक बटण असतं आणि त्यावर साफ करा, स्पष्ट करा असं काहीतरी लिहिलेलं असतं. जणू काचेवरची धूळ पुसायची आहे आणि मागे चेहरा तयार उभा आहे.

प्रदर्शनात उभं राहून, मूळ फाइल हाती नसताना, हे ओळखायचं कसं? त्या प्रिंटवर दोन जागा होत्या. पहिली जागा म्हणजे कडेचे तीन चेहरे. ते तिघं बाजूला पाहत होते आणि मेणासारखे वितळलेले होते, तर समोर पाहणारे अकरा जण लख्ख. चेहरा सुधारणारा प्रोग्राम आधी चेहरा शोधतो, मग तेवढाच तुकडा कापून सुधारतो आणि परत चिकटवतो. जो चेहरा सापडला नाही तो तसाच राहतो. सापडलेल्यांचेही कान, मान, केसांची कड नीट पाहा. चेहरा आजचा आणि कान २००६ चे असा सांधा दिसतो. कॅमेऱ्याचा फोकस असा माणसं निवडून चुकत नाही.

दुसरी जागा म्हणजे मागचा फलक. शाळेचं नाव देवनागरीत होतं. मूळ फाइलमध्ये अक्षरं सात ठिपके उंच, त्यातला एक शिरोरेषेला गेलेला. उरलेल्या सहांत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक एखाद्या ठिपक्याचा. प्रिंटवर फलक सुरेख कोरीव दिसत होता. वर सरळ शिरोरेषा, खाली लोंबणारे वळसे, दांडे, गाठी. आणि त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, कारण एकही अक्षर नव्हतं. दुरून देवनागरी, जवळून कुठलीच लिपी नाही. लोक त्यावर हसत होते. "ॲपला मराठी येत नाही," असं कोणीतरी म्हणालं.

पण ज्या प्रकारच्या अंदाजाने फलक लिहिला, त्याच प्रकारच्या अंदाजाने चेहरे काढले होते. फरक इतकाच की अक्षरं आपल्याला वाचता येतात. 'घ' च्या जागी वळसा आला तर तो चूक आहे हे लहान पोरालाही कळतं. पापणीला असं बरोबर-चूक नसतं, ती पापणीसारखी दिसली की झालं. म्हणून फोटोत कुठे पाटी, जर्सीवरचा आकडा, बसचा फलक असेल तर आधी तिकडे पाहावं. फोटोत अक्षर किती बिघडलं आहे त्यावरून चेहराही किती बनवला असेल याचा अदमास लागतो.

मी हे सगळं संस्थेच्या कार्यकर्त्याला सांगितलं तेव्हा त्याने चांगला प्रश्न विचारला. "पूर्वी स्टुडिओवाले रिटच करायचेच की! मग यात नवीन काय?" खरं आहे. आपल्या घरांतल्या अर्ध्या तसबिरी अशाच आहेत. गटाच्या फोटोतून आजोबांचं डोकं काढून मोठं केलेलं, पागोटं रंगवलेलं, डोळ्यांत शिसपेन्सिलीने तेज भरलेलं. आपल्याकडे फोटोवर रंगकाम करायची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तिच्यात थापा भरपूर. पण रिटच करणारा माणूस घरच्यांना विचारायचा. मिशी कशी होती, टोपी कुठली, गंध उभं की आडवं. योगायोगाने त्याच बहीणबाईंनी मला सांगितलं की भावाच्या लग्नाच्या फोटोंतही वण नाहीत. स्टुडिओवाल्याने आईला विचारलं होतं, "ठेवू की काढू?" आणि आई म्हणाली होती, "काढ बाबा." म्हणजे वण दोनदा गेले. पहिल्यांदा आईने घालवले आणि तसं झाल्याचं घरात माहीत आहे. दुसऱ्यांदा कोणी घालवले? कार्यकर्त्याने नाही, त्याला ते होते हेच ठाऊक नव्हतं. ॲपला तर त्या गृहस्थांविषयी काहीच ठाऊक नव्हतं. शिवाय ब्रशचा फटकारा दिसतो. रंगवलेल्या तसबिरीला कोणी कॅमेऱ्याची साक्ष मानत नाही. या प्रिंटला मानतात, कारण तो फोटोसारखाच दिसतो.

साक्षीवरून आठवलं. २०२४ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयात, एका खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने मोबाइलवरचं चित्रण अशाच सॉफ्टवेअरने स्पष्ट करून आणलं. न्यायाधीशांनी ते पुरावा म्हणून दाखवायला नकार दिला. मूळ चित्रण चालेल, सुधारलेलं नाही. दारासमोरच्या प्रिंटला कोर्टाचे नियम लावा असं मी म्हणत नाही. पण त्या गृहस्थांची मुलगी २००६ मध्ये दोन वर्षांची होती, आणि बाबा त्यांच्या मंडळींबरोबर दिसतात असा तिच्याकडे हा एकच फोटो आहे. तिने प्रिंटवरचा चेहरा फोनने टिपून वॉलपेपरला लावला आहे. तिच्या फोनचा कॅमेरा बारा मेगापिक्सेलचा. म्हणजे आता जो फोटो घराण्याच्या ग्रुपवर फिरतो आहे तो खरोखरच मोठा, खरोखरच बारकाव्यांचा आहे, फक्त बारकावे प्रिंटचे आहेत. ती फाइल तपासली तर त्यात काही गैर सापडणार नाही. आणि ६४० बाय ४८० ची जुनी फाइल? ती कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर आहे, तीही मी मागितली म्हणून शोधली गेली.

मग हा फोटो मोठा छापायचाच नाही का? छापायचा. पण आधी याहून मोठा मूळ फोटो आहे का ते शोधायचं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बहुधा वाटेत लहान झालेला असतो. काढणाऱ्याकडे मेमरी कार्डावर मोठा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवायचा. त्याच क्षणाचे आणखी दोन-चार फोटो असतील तर सोनंच. हात किंचित हललेला असल्यामुळे प्रत्येक फोटोत ठिपके जरा वेगळ्या जागी पडतात, आणि ते एकत्र करून मिळणारा बारकावा त्याच पटांगणातला, त्याच गालांचा असतो.

यातलं काहीच नसेल तर आकड्यांकडे परत यायचं. तीनशे हा फूटभराचा आकडा. अंतर वाढलं की गरज त्याच प्रमाणात घटते. साडेपाच-सहा फुटांवरून पाहायचं तर इंचाला पन्नास-पंचावन्न ठिपके पुरतात. ६४० ठिपक्यांचा फोटो त्या हिशेबाने बारा इंच रुंद होतो, आणि भिंतीवर बारा बाय नऊचा फोटो काही लहान नसतो. छत्तीस इंचच हवा असेल तर इंचाला अठरा ठिपके पडतात आणि नीट दिसायला सतरा फूट मागे जावं लागतं. मोठ्या हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर तेही चालतं. साध्या पद्धतीने मोठा करायचा, चकचकीत कागद टाळून मॅट घ्यायचा, आणि वर सगळीकडे सारखी अशी बारीक रवाळ जाळी टाकायची, जुन्या फिल्मच्या दाण्यासारखी. हा रवाही बनावटच असतो, हे मला मान्य आहे. पण तो भिंतीवर, साडीवर आणि गालावर सारखाच पडतो. पापणी असल्याचं सोंग करत नाही. डोळ्याला धरून ठेवायला काहीतरी मिळतं आणि धुरकटपणा कमी टोचतो.

आणि चेहरे सुधारूनच हवे असतील, तर खालच्या पट्टीवर दोन ओळी जास्त लिहायच्या : मूळ फोटो ६४० बाय ४८० पिक्सेल, चेहऱ्यांचे बारकावे सॉफ्टवेअरने भरलेले. शेजारी मूळ फोटो, कितीही लहान का असेना, तसाच छापून लावायचा. त्या प्रदर्शनात दाराशी जागा होती. आठ बाय सहा इंचांची फ्रेम सहज मावली असती, आणि बहीणबाईंना भावाच्या गालावरचा तो गढूळ, असमान रंग दाखवता आला असता.